25 मीटरला धाप लागते? फ्रीस्टाइलमधला श्वास तपासण्याचा क्रम

सकाळी सहाच्या बॅचला मी उथळ बाजूला नवशिक्यांसोबत उभा असतो. प्रशिक्षक नाही, पालिकेच्या तलावावरचा जुना सभासद आहे. पण एकच तक्रार इतक्या जणांची ऐकली आणि निस्तरली आहे की आता काठावर बसूनही बिघाड कुठे आहे ते बहुतेक वेळा कळतं. तक्रार अशी असते : "हातपाय बरोबर चालतात, पाण्याची भीती नाही, पण एक फेरी संपेपर्यंत जीव जातो. स्टॅमिना कमी पडतोय."

स्टॅमिना कमी पडतोय असं मला क्वचितच आढळलं. गेल्या वर्षी बँकेत काम करणारे एक गृहस्थ आले, वय 41. रविवारी मरीन ड्राइव्हला 10 किलोमीटर आरामात धावणारे. पाण्यात मात्र 25 मीटरला लालबुंद व्हायचे आणि काठाला लटकून दोन मिनिटं बोलायचे नाहीत. पुढचा सगळा क्रम मी त्यांच्यावर वापरला, म्हणून त्यांचंच उदाहरण धरून सांगतो.

लक्षणं

तुमचं दुखणं हेच आहे का, ते आधी बघा. पहिले दहा-बारा मीटर मस्त जातात आणि मग एकदम हवा कमी पडल्यासारखी वाटते. हळूहळू दमत नाही, अचानक कोंडल्यासारखं होतं. हात दुखत नाहीत, पाय भरून येत नाहीत, तरी थांबावंसं वाटतं. तोंड बाहेर काढलं की श्वास अर्धवट राहतो, आणि तिसऱ्या-चौथ्या श्वासाला पाणी तोंडात जातं.

सोसायटीच्या तलावात शिकलेल्यांना हे लक्षण उशिरा दिसतं. तिथला तलाव बारा-पंधरा मीटरचा असतो, दोन श्वासांत पलीकडे पोचता येतं. कठडा धरायचा, दम खायचा, परत फिरायचं. वर्षभर "मला पोहता येतं" म्हणणारा माणूस मग शिवाजी पार्कच्या 50 मीटरच्या तलावात उतरतो आणि मध्यावर दोरी पकडतो. बिघाड पहिल्या दिवसापासून असतो, फक्त कठडा जवळ असल्यामुळे लपलेला असतो.

याउलट, हात किंवा खांदे आधी थकत असतील आणि श्वास ठीक असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

पहिली तपासणी : काठाला पोचल्यावर तुम्ही आधी काय करता?

याला पैसा लागत नाही, वेळ लागत नाही. 25 मीटर नेहमीसारखं पोहा, काठ धरा आणि पहिली कृती लक्षात ठेवा. हवा आत घेतली की बाहेर सोडली?

बँकवाले गृहस्थ काठाला आले आणि तोंडातून मोठा "फूऽऽ" निघाला. मी विचारलं, "पाण्यात असताना हवा कुठे सोडता?"

"सोडतो की! तोंड बाहेर आलं की सोडतो, मग घेतो."

सगळा घोटाळा एवढाच होता. काठाला पोचल्यावर ज्याला आधी हवा सोडावी लागते, त्याच्या छातीत हवा कमी नसते, जुनी हवा अडकलेली असते. घुसमटल्याची जी भावना येते ती मुख्यतः प्राणवायू संपल्यामुळे येत नाही, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे येते. शरीर "घे, घे" म्हणत नसतं, "आधी हे बाहेर काढ" म्हणत असतं. आपण मात्र वापरलेल्या हवेवरच नवा घोट कोंबतो.

आता वेळेचा हिशेब बघा. नवशिक्या मिनिटाला साधारण 54 हात मारतो असं धरू. डावा एक, उजवा एक, असे मोजायचे. दर दोन हातांना श्वास घेतला तर दोन श्वासांमध्ये जेमतेम सव्वादोन सेकंद मिळतात. त्यात तोंड पाण्याबाहेर असतं अर्ध्या-पाऊण सेकंदापुरतं. एवढ्यात सोडायचंही आणि घ्यायचंही म्हटलं तर दोन्ही अर्धवट राहणार. पाण्याखाली मात्र दीड सेकंद मोकळा पडलेला असतो, तो वाया जातो.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. भरलेली फुप्फुसं म्हणजे छातीत बांधलेला फुगा. श्वास धरून ठेवला की छाती वर येते आणि पाय खाली जातात. मग तेच अंतर कापायला जास्त जोर लागतो. म्हणजे श्वास धरल्याचा तोटा दोनदा होतो.

उपाय उथळ बाजूला उभं राहूनच करायचा. तोंडाने श्वास घ्या, खाली बसा, पाण्यात नाकातून "म्म्म्" असा आवाज काढत तीन मोजेपर्यंत बुडबुडे सोडा, वर या, घ्या, परत खाली. असं 20 वेळा, मध्ये न थांबता. गुणगुणण्याचं कारण साधं आहे : आवाज चालू असेल तर हवा सुटत असणारच, थांबली तर लगेच कळतं. वर येण्याच्या क्षणी उरलेली थोडी हवा तोंडातून झटक्याने सोडा, त्याने ओठांवरचं पाणी उडतं. पण छाती पूर्ण रिकामी करायच्या मागे लागू नका. तसं केलं तर बुडायला होतं आणि पुढचा श्वास घाबरून घेतला जातो.

विसाव्या बैठकीला तुम्ही पहिल्या बैठकीइतकेच शांत असाल, तर ही तपासणी पास. आठव्या-दहाव्याला धाप लागली, तर पोहायला जाऊच नका, आठवडाभर हेच करा. आमचे गृहस्थ पहिल्या दिवशी नवव्याला थांबले. दहा किलोमीटर आरामात धावणारा माणूस चार फूट पाण्यात उठाबशा काढताना थांबतो, यावर ते स्वतःच हसले.

दुसरी तपासणी : भिंतीवरचं घड्याळ

हवा सुटायला लागली तरी धाप राहिली, तर वेग बघा. सेकंदकाटा दिसेल अशा ठिकाणाहून सुरुवात करा आणि 25 मीटरला किती सेकंद लागतात, किती हात पडतात, हे मोजा. मोजणं कंटाळवाणं आहे, पण अंदाज नेहमी चुकतो. "मी तर सावकाशच पोहतो" असं प्रत्येक जण सांगतो.

आमच्या गृहस्थांचे आकडे होते 24 सेकंद आणि 26 हात. म्हणजे मिनिटाला 65 हात. नवशिक्यासाठी ही धावपळ आहे. पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि लागणारी ताकद साधारण घनाच्या पटीत. वेग फक्त दहा टक्क्यांनी वाढवला तर ताकद जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त लागते. जमिनीवर थोडं जोरात चाललं तर एवढा फरक पडत नाही, म्हणून धावणाऱ्यांचा अंदाज इथे हमखास चुकतो.

त्यांना सांगितलं, हात तेवढेच मारा, पण 25 मीटरला 30 सेकंदांच्या वर लागले पाहिजेत. चार प्रयत्नांनंतर 33 सेकंद आणि 26 हात, म्हणजे मिनिटाला 47. काठाला आल्यावर दहा-पंधरा सेकंदांत एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं, तर वेग बरोबर आहे. मी "आज कुठली लोकल पकडणार?" असं विचारतो. उत्तर "8.12 ची, पण आज बहुतेक चुकेल" असं सलग आलं की काम झालं.

तिसरी तपासणी : किती हातांमागे एक श्वास?

इथे मी जरा रेंगाळणार, कारण सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले इथेच मिळतात.

तलावावर कोणीतरी सांगतं की चांगला पोहणारा कमी श्वास घेतो. दुसरा सांगतो, तीन हातांनी घ्या, दोन्ही बाजूंनी, तेच शास्त्रशुद्ध. आमच्या गृहस्थांना ऑफिसातल्या कोणीतरी चार हातांचा मंत्र दिला होता. आता गणित करा. मिनिटाला 65 हात आणि चार हातांमागे एक श्वास, म्हणजे मिनिटाला सोळा श्वास. हेच गृहस्थ धावताना तीसेक श्वास घेत असतील. निम्म्या हवेवर धावायला सांगितलं तर कोणीही 25 मीटरलाच बसेल.

वेग 47 हातांवर आणून दोन हातांमागे एक श्वास घेतला, तर मिनिटाला 23-24 श्वास होतात. काम कमी झालं आणि हवा दीडपट मिळाली. दम वाढला नाही, खर्च कमी झाला आणि आवक वाढली, एवढाच फरक.

तीन हातांची पद्धत वाईट नाही. मान दोन्हीकडे वळते, शरीर एका बाजूला झुकत नाही, सरळ रेषेत पोहायची सवय लागते. पण ती तंत्र सुधारण्यासाठी आहे. तीन हातांनी घेतल्यास दोन हातांच्या तुलनेत एक तृतीयांश श्वास कमी मिळतात, आणि नवशिक्याकडे तेवढी हवा सोडून द्यायला शिल्लक नसते. टीव्हीवर 1500 मीटरची शर्यत लागली तर बघा, बहुतेक जण बराच वेळ दर दोन हातांनाच श्वास घेतात. मी सुचवतो ते असं : जाताना दोन हातांनी उजवीकडे, येताना दोन हातांनी डावीकडे. दोन्ही बाजू तयार होतात आणि हवाही कमी पडत नाही. तीन हातांचा सराव आठवड्यातून एखाद्या दिवशी, दोन-चार फेऱ्या, बस.

यातच एक चोरटी चूक लपलेली असते. काठाला पाय मारून सुटलं की पहिले सहा-आठ हात माणूस श्वासच घेत नाही, कारण तेव्हा गरज वाटत नाही. गरज वाटायला लागते तेव्हा उधारी चढलेली असते आणि पुढची सगळी फेरी ती फेडण्यात जाते. पहिल्या दहा-बारा मीटरनंतर "अचानक" कोंडतं ते यामुळेच. म्हणून नियम असा की पहिला श्वास दुसऱ्याच हाताला घ्यायचा, हवा नको असली तरी. लय गरजेवर सोडायची नसते, ती पहिल्या हातापासून चालू व्हायला हवी. आमच्या गृहस्थांना हे सगळ्यात जड गेलं. "आत्ताच तर घेतला ना श्वास!" असं म्हणायचे. शेवटी मी काठावरून दर दुसऱ्या हाताला टाळी वाजवत गेलो.

चौथी तपासणी : एक गॉगल पाण्यात आहे का?

इथून पुढे दुसऱ्या माणसाची नजर लागते, कारण स्वतःचं डोकं स्वतःला दिसत नाही. मित्राला काठावर उभं करा, किंवा तलावावर परवानगी असेल तर फोनवर चित्रण घ्यायला सांगा.

श्वास घेताना एक काच पाण्यात आणि एक बाहेर असायला हवी. दोन्ही बाहेर येत असतील तर तुम्ही डोकं वळवत नाही, उचलता. डोकं उचललं की पाय खाली जातात, तराजूसारखं. मग पुढच्या दोन हातांची ताकद पाय वर आणण्यात जाते, आणि तेवढ्यात पुढचा श्वास येतो. दर श्वासाला शरीर वरखाली झुलत जातं.

गावी विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेल्यांना ही सवय फार पक्की असते. विहिरीत डोकं वर ठेवणंच शहाणपणाचं, कठडा आणि बाकीची पोरं दिसायला हवीत. त्यांना मी पोहणं नव्याने शिकवत नाही, फक्त वरचं आकाश बघायचं सोडून बाजूची भिंत बघायला सांगतो. एक हात कठड्यावर, दुसरा मांडीला चिकटलेला, पाय चालू, आणि कान पाण्यावर उशीसारखा टेकवून मान वळवायची. दहा मिनिटं पुरतात. एकटी मान फिरवू नका, खांदा आणि कंबर सोबत वळू द्या, नाहीतर रात्री मान धरते.

पुस्तकात वाचाल की डोक्यापुढे लाट उठते आणि तिच्यामागे तोंडाजवळ खळगा तयार होतो, त्यातून श्वास घ्यायचा. खरं आहे, पण सावकाश पोहणाऱ्याचा खळगा उथळ असतो. म्हणून सुरुवातीला थोडं जास्त वळा, लाज वाटून घेऊ नका.

पाचवी तपासणी : पुढचा हात

श्वास बरोबर वेळेला घेता, मान बरोबर वळते, तरी पाणी तोंडात जातं? मग पुढे ताणलेला हात बघा. उजवीकडे श्वास घेताना डावा हात पुढे असतो. तो घाईने खाली दाबला गेला की आधार जातो, खांदा बुडतो आणि नेमक्या त्या क्षणी तोंड पाण्याखाली. पाणी गिळलं की माणूस पुढचा श्वास टाळतो, लय तुटते, आणि दोष दमाला दिला जातो. तोंड परत पाण्यात जाईपर्यंत पुढचा हात लांब राहू द्या. पोहण्याची फळी त्या हातात धरून चार फेऱ्या मारल्या की हात कधी पडतो ते फळीच सांगते, ती डुबते.

लाथांबद्दल थोडक्यात : गुडघे सायकलसारखे चालत असतील तर ते थांबवा. मांडीचे स्नायू मोठे आहेत, प्राणवायू सगळ्यात जास्त तेच खातात, आणि नवशिक्याच्या लाथांमधून वेग फारसा मिळत नाही. पाय वर तरंगत राहतील एवढंच हलवा.

आमच्या गृहस्थांचा शेवटचा बिघाड हा पुढच्या हाताचाच होता. पहिल्या तीन तपासण्यांवर त्यांचे 25 चे 75 मीटर झाले, तिथे अडकले. फळीने दोन आठवडे गेले. पाचव्या आठवड्याच्या शेवटी 200 मीटर न थांबता झाले, साडेचार मिनिटांत. वेग जवळपास तोच, 33-34 सेकंदांचा. धावणं त्यांनी त्या काळात काही वाढवलं नव्हतं.

कुठे थांबायचं

एक गोष्ट कधीच करू नका : दम वाढवण्यासाठी भराभर खोल श्वास घेऊन मग पाण्याखाली श्वास धरून जाणं. भराभर श्वासाने प्राणवायू फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड घटतो, म्हणजे धोक्याची घंटाच बंद होते. घुसमटल्याचा इशारा येण्याआधीच माणूस बेशुद्ध होऊ शकतो, उथळ पाण्यातसुद्धा, चांगला पोहणारासुद्धा. तलावात पोरं पैज लावून हे करताना दिसली तर जीवरक्षकाला सांगा.

छातीत दाब किंवा दुखणं, ते हातात किंवा जबड्यात जाणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधार, थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनीही न उतरणारी धाप, खोकल्यातून गुलाबी फेस : यांपैकी काहीही झालं तर तपासण्या संपल्या. पाण्यातून बाहेर या, एकटे घरी जाऊ नका, थेट रुग्णालयात जा. पोहल्यावर छातीत शिट्टी वाजते किंवा तासभर खोकला राहतो, तोही क्लोरीनचा वास जास्त असलेल्या दिवशी, तर दम्याच्या अंगाने डॉक्टरांना विचारा. श्वासाची लय बदलून ते जाणार नाही. दमा आधीच असेल तर पंप बॅगेत नको, काठावर ठेवा आणि जीवरक्षकाला सांगून ठेवा.

तोंड पाण्यात घातल्यावर घाबरायला होत असेल, तर वरचं काही स्वतःहून करू नका. प्रशिक्षकासोबत उथळ बाजूलाच सुरुवात करा. आणि भीती नसूनही आठ-दहा दिवस प्रामाणिकपणे केल्यावर 20 बैठका शांत होतात पण 25 मीटर होत नाही, तर बिघाड बहुतेक कंबरेच्या किंवा खांद्याच्या वळण्यात आहे. तो काठावरून माझ्यासारख्याला दिसत नाही, पैसे देऊन प्रशिक्षकाचे दोन-तीन तास घ्या. जाताना तीन आकडे लिहून न्या : 25 मीटरला किती सेकंद, किती हात, आणि किती हातांमागे श्वास. "दम लागतो" एवढंच सांगितलंत तर पहिला तास तेच मोजण्यात जाईल.